मदत हवी आहे: जुगाराच्या रुग्णाचं सगळं कर्ज घरच्यांनी एकदम फेडावं का?

प्रश्न (समुपदेशक_सांगली)

आमच्या व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये दारूसोबत जुगाराचे रुग्णही घ्यायला सुरुवात केली आहे. एका रुग्णावर अडलोय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वाळवा तालुका, वय 34, साखर कारखान्यात कायम कामगार, पगार हातात 28,000. आधी रमी, आता क्रिकेटची आयडी. जुगाराच्या प्रश्नावलीत, पीजीएसआयमध्ये, गुण 19 आला होता.

कर्ज: पतसंस्था 2,10,000 (हप्ता 5,500), सोनेतारण 90,000 (व्याज महिना 900), लोन ॲप 65,000, सावकार 80,000 शेकडा पाच महिना, मित्र 1,20,000. घरखर्च 17,000. वडील म्हणतात, दहा गुंठे विकतो आणि सगळं मिटवतो. अडवावं का?

दुसरं, तीन महिन्यांनी पीजीएसआय पुन्हा घेतला तर 17. तो म्हणतो खेळलो नाही. खोटं बोलतोय का?

कृष्णाकाठ

पीजीएसआय 8 च्या वर म्हणजे आजार पक्काच, आणि 17 म्हणजे सुधारणा शून्य. नॅलट्रेक्सोन 50 सुरू करा, खेळायची ओढ कमी होते. वडिलांना अडवू नका. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस सावरतो.

मानसोपचार_सातारा

कृष्णाकाठ, गोळीचं निम्मं बरोबर आहे. काहींना उपयोग होतो, पण आधी लिव्हरची तपासणी हवी, आणि अफूजन्य वेदनाशामक चालू असेल तर देता येत नाही. 8 च्या वरचा आकडा फक्त सांगतो की नीट मुलाखत घ्या. निदान नऊपैकी चार निकष बसले तर. त्यातही खेळ फक्त तेजीच्या, म्हणजे मेनियाच्या काळातच झाला असेल तर निदान वेगळं. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल चालू आहे का, हेही विचारावं.

17 चं कोडं सोपं आहे. पीजीएसआयचे प्रश्न गेल्या बारा महिन्यांबद्दल असतात. तीन महिने पूर्ण कोरडे गेले तरी आधीचे नऊ महिने त्यात येतातच. त्यावरून त्याला खोटारडा ठरवलंत तर तो पुढच्या वेळी येणार नाही. प्रगती पाहायला जी-एसएएस वापरा: बारा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, गुण 48 पैकी. प्रश्न एकट्याला बसवून विचारा. बायको शेजारी असली की उत्तरं सौम्य होतात.

आता जमीन. एकूण कर्ज 5,65,000. सगळं फेडलं तर दुसऱ्या दिवशी ॲपची मर्यादा पुन्हा उघडते, मित्रही पुन्हा द्यायला तयार होतात. शिवाय हरलो तरी वडील सोडवतात, हे त्याला कळतं. म्हणून विक्री थांबवा, पण मदत थांबवू नका.

पहिली यादी बहुतेक वेळा अपुरी असते. आठवडाभर थांबा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट रिपोर्ट मागा. सावकार, भिशी, मित्र त्यात दिसत नाहीत, ते त्याच्याच तोंडून यायला हवेत. मग घरच्यांनी ॲप आणि सावकार एवढेच, म्हणजे 1,45,000, थेट देणेकऱ्याला द्यावेत, रुग्णाच्या हातात नाही. ॲपकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र घ्या, ऑटोपे रद्द करा, खातं काढून टाका. सावकाराचं महिना 4,000 व्याज सुटलं की ते मित्रांना जाईल: तीस महिने. घरखर्च, पतसंस्था आणि सोनेतारण धरून हातात 600 उरतात. तंग आहे, हे त्याला स्पष्ट सांगा.

रानमळा_तासगाव

माझ्या चुलतभावाची जमीन सावकाराने खरेदीखत करून घेतलीय. त्यालाही हेच लागू होईल का?

मानसोपचार_सातारा

दादा, तो वेगळा प्रश्न. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे सावकारी कायद्याखाली अर्ज करा, देवाणघेवाणीचे पुरावे जोडून. इथेही आधी सावकार परवानाधारक आहे का, तेवढं तपासून मगच पैसे द्या.

समुपदेशक_सांगली

पगार बायकोच्या खात्यावर वळवायचा ठरलाय. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पण आयडी व्हॉट्सॲपवर मिळतेच. पुन्हा घसरू नये म्हणून काय बघू?

परिचारिका_मिरज

सर, पैसा आणि सामना एकत्र येतील तो दिवस धरा. याच्याबाबतीत पगाराची तारीख, दिवाळीचा बोनस आणि आयपीएल. बोनसची रक्कम जमा होण्याआधीच कुठे जाणार ते लिहून ठेवायचं. यूपीआयची रोजची मर्यादा 500 करा, आणि दुसरं सिम, दुसरं खातं आहे का हे विचाराच. ओढ आली की अर्धा तास फोन दुसऱ्याकडे द्यायचा. ती चढते तशी ओसरते.

घसरला तर पहिल्याच दिवशी सांगायचं, हा करार आधी करा. बहुतेक नुकसान पहिल्या डावात होत नाही, तो भरून काढायला रात्रभर खेळण्यात होतं. आणि लपवलेलं कर्ज बाहेर पडतं त्या दिवशी आत्महत्येचा विचार थेट विचारा. टेलिमानसचा 14416 घरच्यांनाही द्या.

पण पगार बायकोकडे देण्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मागायला गेला की भांडण, कधी मारहाण. तिला वेगळं बसवून विचारलंय का?

समुपदेशक_सांगली

नाही विचारलं. गुरुवारी ती येणार आहे. नको म्हणाली तर पगार कोणाकडे द्यायचा? वडील स्वतःच जमीन विकायला निघालेत.