मदत हवी आहे: इम्पल्सच्या गाडीचा ट्रान्सफॉर्म पुन्हा इम्पल्सचीच गाडी का? आणि ९०० हर्ट्झचा साइन १०० हर्ट्झवर उलटा का दिसतो?

मृण्मयी_ईटीसी

नमस्कार मंडळी. तिसऱ्या वर्षाला आहे. सॅम्पलिंगच्या एका पायरीवर अडले आहे, नुसतं पाठ करून पुढे जायचं नाहीये.

वर्गात असं सांगितलं की सॅम्पलिंग म्हणजे सिग्नलला इम्पल्सच्या कंगव्याने गुणायचं, `p(t) = Σ δ(t − nT)`. वेळेतला गुणाकार म्हणजे फ्रिक्वेन्सीत कॉन्व्होल्यूशन, इथपर्यंत ठीक. पण कंगव्याचा ट्रान्सफॉर्म पुन्हा कंगवाच येतो, तेही सगळे दात सारख्या उंचीचे, हे मनाला पटत नाही. एका इम्पल्सचा ट्रान्सफॉर्म तर सपाट रेघ असते. मग अशा अनंत सपाट रेघा मिळवल्या की मध्ये रिकामी जागा कुठून येते?

शिवाय एका वहीत दातांची उंची `1/T` आहे आणि दुसरीत `2π/T`. बरोबर कोणतं?

तिसरी गोष्ट मी स्वतः करून पाहिली:

```python
import numpy as np
fs = 1000
n = np.arange(8)
print(np.round(np.sin(2*np.pi*900*n/fs), 3))
print(np.round(np.sin(2*np.pi*100*n/fs), 3))
```

दुसऱ्या ओळीत 0, 0.588, 0.951, 0.951 असे आकडे येतात. पहिल्या ओळीत तेच आकडे, फक्त उणे. ९०० चे १०० होतात हे माहीत होतं, पण चिन्ह का उलटतं? sin च्या जागी cos घातलं तर उलटत नाही, दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या येतात.

अथर्व_प

अगं, नियमच मोडला आहेस तू. सॅम्पलिंग रेट सिग्नलच्या दुप्पट हवा. ९०० साठी १८०० घे, प्रश्न मिटला. आणि १००० वरच राहायचं असेल तर सॅम्पल घेतल्यावर कोडमध्ये लो-पास फिल्टर लाव, नको ते निघून जाईल.

स्वरगंधा

कंगवा म्हणजे कोम्ब फिल्टर ना? आवाजात तोच आवाज काही मिलिसेकंद उशिराने मिसळला की ठरावीक अंतरावर फ्रिक्वेन्सी गळतात. मी मिक्सिंग करते, दोन माइक वेगवेगळ्या अंतरावर ठेवले की हेच होतं. एक माइक थोडा सरकवून बघ.

जुना_ट्रान्समीटर

स्वरगंधाताई, तुम्ही म्हणता तो कंगवाही खरा, पण तो वेगळा. तिथे फ्रिक्वेन्सीच्या अक्षावर गुणाकार होतो, काही फ्रिक्वेन्सी दबतात. इथे गुणाकार वेळेच्या अक्षावर आहे. यात काही दबत नाही, उलट प्रती वाढतात.

मृण्मयी, तुझी पहिली शंका रास्त आहे. "अनंत सपाट रेघा" या वाटेने गेलीस तर घोटाळा होतो, कारण त्या रेघा नुसत्या सपाट नाहीत. `nT` ला असलेल्या इम्पल्सचा ट्रान्सफॉर्म `e^(−j2πfnT)`. त्याची उंची सपाट असली तरी फेज फिरत असते. त्या फेज एकमेकींना खोडतात, फक्त `f` हा `1/T` च्या पटीत असला की सगळ्या एका दिशेला येतात.

मला मात्र उलट बाजूने जाणं सोपं वाटतं. कंगवा हा आवर्ती सिग्नल आहे, तर त्याची फूरिए सिरीज काढ. एका आवर्तनात एकच इम्पल्स, तोही `t = 0` ला, आणि तिथे एक्स्पोनेन्शियलची किंमत 1. म्हणून प्रत्येक सहगुणक `1/T`. `k` कितीही मोठा घे, इम्पल्स फक्त शून्याजवळची किंमत उचलतो आणि ती नेहमी 1 असते. दात सारखे असण्याचं कारण एवढंच.

आता हाताने करून बघ. `1/T` बाजूला ठेव आणि `1 + 2cos(2πt/T) + 2cos(4πt/T) + …` ही बेरीज पाच कोसाइनपर्यंत घे. `t = 0` ला सगळे शिखरावर, बेरीज ११. `t = T` ला पुन्हा सगळे एकत्र शिखरावर, पुन्हा ११. आणि बरोबर मध्ये, `t = T/2` ला? कोसाइन −1, +1, −1, +1, −1 असे येतात, त्यांची बेरीज −1, दुप्पट −2, त्यात 1 मिळवला की −1. सहा कोसाइन घेतले तर शिखर १३ आणि मध्ये +1.

इथे नीट थांब. मधली किंमत शून्याकडे जात नाही, +1 आणि −1 मध्येच हलत राहते. म्हणजे ही बेरीज प्रत्येक बिंदूवर कंगव्याला जाऊन मिळते असं म्हणता येत नाही. होतं असं की मधली थरथर फार वेगाची होत जाते. कुठल्याही गुळगुळीत सिग्नलने गुणून इंटिग्रेशन केलं की ती जवळजवळ शून्य देते आणि शिखराजवळचा भाग तेवढा उरतो. इम्पल्सला अर्थ इंटिग्रेशनच्या आतच असतो, त्यामुळे आपलं काम होतं. पण प्लॉट काढून "मधे शून्य का येत नाही" म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नकोस.

मृण्मयी_ईटीसी

काका, खूप आभार! मी काल नेमका तोच प्लॉट काढला होता आणि कोडमध्ये चूक आहे असं समजून बंद केला होता. आता कळलं. पण उलटं चिन्ह?

जुना_ट्रान्समीटर

तेच सांगायचं होतं, आणि ते माझ्या धंद्यातलं आहे. आयुष्य ए.एम. ट्रान्समीटरजवळ गेलं, त्यामुळे मला सॅम्पलिंग नेहमी मॉड्युलेशनसारखं दिसतं.

कंगव्याच्या जागी त्याची सिरीज लिही: `x(t)·p(t) = (1/T) Σ x(t)·e^(j2πk·fs·t)`. यातल्या एका पदाकडे बघ. `e^(j2π·1000·t)` ने गुणलं की सिग्नल १००० हर्ट्झने वर सरकतो. पुढचं पद २००० ने, उणे पद खाली. `k = 0` चं पद जागचं हलत नाही. म्हणजे एकच सिग्नल एकाच वेळी सगळ्या कॅरियरवर चढवला, तेही सारख्या ताकदीने. कॉन्व्होल्यूशन हा शब्द न काढताही प्रती मिळाल्या.

आता तुझा ९०० चा साइन. त्याच्या दोन रेघा: +९०० ला `1/(2j)`, −९०० ला `−1/(2j)`. `k = 1` च्या पदाने सगळं १००० ने वर सरकतं. +९०० गेला १९०० ला, आणि −९०० आला +१०० ला. तुला १०० वर दिसणारी रेघ ही ऋण बाजूची रेघ आहे, आपलं उणे चिन्ह घेऊन आलेली. −१०० ची रेघ तशीच +९०० वरून `k = −1` ने खाली आली. दोन्ही बाजू अदलाबदल झाल्या, म्हणून `−sin`. कोसाइनच्या दोन्ही रेघा `1/2`, त्यामुळे अदलाबदल होऊनही काही कळत नाही.

अथर्व, दोन गोष्टी. १८०० बरोबर दुप्पट घेतलेस तर `sin(2π·900·n/1800) = sin(πn)`, म्हणजे सगळे नमुने शून्य. दुप्पट नाही, दुपटीहून जास्त हवा. आणि सॅम्पल घेतल्यानंतरचा फिल्टर उपयोगाचा नाही. वर तिनेच दाखवलं की ९०० च्या साइनचे आकडे आणि उलट्या १०० चे आकडे एकच आहेत. फिल्टरला वेगळं काढायला काही उरलेलंच नाही. फिल्टर कन्व्हर्टरच्या आधी, अॅनालॉग असतानाच लागतो.

अथर्व_प

हो काका, `sin(πn)` चं लक्षातच आलं नव्हतं. पण मग खऱ्या ए.डी.सी.मध्ये इम्पल्स असतो कुठे? अनंत उंचीचा इम्पल्स कोणी कधी तयार केला नाही. मग हे सगळं खरं कसं?

शंतनू_हार्डवेअर

हे मी सांगतो, रोज बोर्डावर काम असतं. चिपमध्ये स्विच थोडा वेळ बंद होतो आणि कपॅसिटर भरतो, इम्पल्स कुठेच नसतो. समजा अरुंद `τ` रुंदीचे, एक उंचीचे पल्स घेऊन गुणलं. त्यांचीही सिरीज निघते, सहगुणक `sin(πkτ/T)/(πk)`. म्हणजे `k` वाढला की प्रती लहान होत जातात. पण त्यांच्या जागा त्याच, `fs` च्या पटीत. ओव्हरलॅप कुठे होणार हे जागा ठरवतात, उंची नव्हे. म्हणून कागदावर कंगवा घेतला तरी अलायझिंगचं उत्तर बदलत नाही.

मृण्मयी, तुझ्या `1/T` आणि `2π/T` बद्दल. दोन्ही बरोबर. `ω = 2πf` असल्याने `δ(f) = 2π·δ(ω)`. एका वहीत अक्ष `f` चा आहे, दुसरीत `ω` चा. पण `ω` मध्ये कॉन्व्होल्यूशन करताना पुढे `1/(2π)` येतो, तो विसरू नकोस. तो `2π` कापतो आणि प्रतींची उंची दोन्हीकडे `1/T` च राहते. परीक्षेत हा गुणक राहून जाताना मी अनेकांना पाहिलंय.

झांजवाला_सातारा

माझं थोडं वेगळं आहे, पण बहुतेक इथलंच. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ४४१०० वर आहे. फाइल लहान करायला मी दर पाचवा नमुना ठेवला आणि बाकी टाकून दिले. आता झांज वाजली की खाली घुंऽऽ असा जाड आवाज येतो, साधारण १८० च्या आसपास. झांजेत इतका खालचा सूर नसतो. हे तेच का?

जुना_ट्रान्समीटर

असू शकतं. ४४१०० चा पाचवा भाग ८८२०. झांजेत ९००० च्या आसपास भरपूर आवाज असतो, आणि ९००० − ८८२० = १८०. नमुने टाकणं म्हणजे दुसऱ्यांदा कंगव्याने गुणणं, या वेळी ८८२० चा. टाकण्याआधी ४४१० च्या खाली थोडं अंतर ठेवून लो-पास लावायला हवा होता. मूळ फाइल अजून आहे का? तीच वापरा, लहान केलेली आता दुरुस्त होणार नाही.

शंतनू_हार्डवेअर

काका, मला इतकी खात्री नाही. झांजेचा आवाज ९००० वर एका रेघेत नसतो, पसरलेला असतो. मग खालीही पसरलेला खरखराट यायला हवा, एका सुराचा घुंऽऽ नाही. विजेच्या हमचा २०० चा हार्मॉनिकही तिथून जवळ आहे.

जुना_ट्रान्समीटर

मुद्दा बरोबर आहे. पण हम असेल तर झांज थांबल्यावरही ऐकू येईल. हे म्हणतात झांज वाजली की येतो. शिवाय प्रत्येक झांजेचे स्वतःचे काही ठळक सूर असतात, त्यातला एक ९००० जवळ निघाला तर एकच घुंऽऽ येईल.

झांजवाला_सातारा

मूळ फाइल आहे. रविवारी हेडफोन लावून ऐकतो, झांजेच्या मधल्या शांत जागाही तपासतो आणि इथे लिहितो.

मृण्मयी_ईटीसी

मी आता ११०० आणि १९०० करून पाहिलं. ११०० चा साइन १०० वर सुलटा येतो आणि १९०० चा उलटा. आधी कागदावर काढलं, मग कोड चालवला, जुळलं. ११०० मध्ये +११०० ची रेघच १००० ने खाली येते, बाजू बदलत नाही. १९०० मध्ये −१९०० वर २००० मिळवून +१०० येते, म्हणून उलटा.

एक शंका उरली. एफ.एफ.टी.त शिखराची उंची `1/T` शी कुठेच जुळत नाही, १००० नमुने घेतले तर ५०० येते. तिथे `T` कुठे गेला?

शंतनू_हार्डवेअर

एफ.एफ.टी. नुसत्या आकड्यांची बेरीज करते, तिला `T` माहीतच नसतो. ५०० म्हणजे `N/2`, साइनची अर्धी उंची गुणिले नमुन्यांची संख्या. `T` ने गुणलंस तर 0.5 येतं, म्हणजे त्या एका सेकंदाच्या तुकड्याच्या ट्रान्सफॉर्मची शिखरावरची उंची. पण आता ९०० ऐवजी ९००.५ चा साइन घेऊन बघ. शिखर ५०० वर राहणार नाही, शेजारच्या घरांत सांडेल. ते कंगव्यामुळे नाही, तुकडा मोजका असल्यामुळे. त्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे लिहितो.