मदत हवी आहे: तीन लेट मार्कना अर्ध्या दिवसाचा पगार कापणे नियमाला धरून आहे का?

शिरोलीचा_फिटर
नमस्कार. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये फिटर आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26 कामाच्या दिवसांचे 18,200 रुपये मिळतात, शिवाय 500 रुपये हजेरी भत्ता आहे. पहिली पाळी सकाळी 8 ला सुरू होते. 8 वाजून 5 मिनिटांपर्यंत सवलत असते आणि त्यानंतर अंगठा लागला की लेट मार्क पडतो. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस बिनपगारी धरण्याची सूचना गेटवर लावलेली आहे. गेल्या महिन्यात तावडे हॉटेलपाशी वाहतूक अडल्याने माझे सहा लेट मार्क झाले, सहाही दिवसांचा उशीर मिळून 58 मिनिटांचा होता, आणि त्या प्रत्येक दिवशी मी पाळी संपेपर्यंत काम केले. तरीही पगारपत्रकात 25 दिवस दाखवून 700 रुपये कापले आहेत आणि हजेरी भत्ताही दिलेला नाही. ही कपात योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंकाळा_वेस
आपल्या नियुक्तीपत्रात ही अट असेल आणि त्यावर आपली सही असेल, तर फारसे काही करता येणार नाही. नियम सर्वांना सारखा लागू असेल आणि आधी लेखी कळवलेला असेल, तर कंपनी कपात करू शकते.

गडहिंग्लजची_शिक्षिका
आमच्या शाळेत उशिराच्या नोंदी साठल्या की किरकोळ रजा कमी होते, पगाराला हात लागत नाही. आपल्या खात्यावर रजा शिल्लक असेल, तर ती वळती करून घेण्याची विनंती करून पाहावी.

वेतनलेखनिक
मी या भागातील कारखान्यांची पगारपत्रके बरीच वर्षे करीत आहे. रंकाळा_वेस यांचे अर्धेच म्हणणे बरोबर आहे. नियम आधी लेखी कळवलेला असावा हे खरे, परंतु कायद्याने दिलेला वेतनाचा हक्क सहीने सोडता येत नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याचे कलम 9 सांगत होते, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेचे कलम 20 तेच सांगते, की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. आपला दिवस 700 रुपयांचा आहे आणि काम आठ तासांचे, म्हणजे 480 मिनिटांचे आहे. त्या हिशेबाने 58 मिनिटांचे साधारण 85 रुपये होतात. उरलेल्या 615 रुपयांचे काम आपण प्रत्यक्ष केलेले आहे, त्यामुळे ती रक्कम गैरहजेरी म्हणून कापता येत नाही.

व्यवस्थापन याला शिस्तीचा दंड म्हणेल, तर त्याची वाट वेगळी आहे. ज्या चुकांसाठी दंड करायचा त्यांची मंजूर यादी लावलेली असावी लागते, कामगाराला आधी खुलासा करण्याची संधी द्यावी लागते, आणि महिन्याचा एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. 18,200 वर ती मर्यादा 546 रुपये येते. म्हणजे दंड म्हणूनही 700 रुपये बसत नाहीत.

मात्र वारंवार उशिरा येणे हे स्थायी आदेशांत गैरवर्तन मानलेले आहे. लेखी ताकीद देण्याचा आणि रीतसर चौकशी करण्याचा अधिकार कंपनीकडे राहतोच, ही बाजूही लक्षात ठेवावी.

रंकाळा_वेस
पण जुना कायदा दरमहा 24,000 रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू होता ना? माझा पगार त्याहून अधिक आहे, म्हणून मला तो कधी लागू झाला नाही.

वेतनलेखनिक
जुन्या कायद्यात ती मर्यादा होती, हे बरोबर आहे. संहितेत वेतन देण्याच्या तरतुदींसाठी अशी मर्यादा ठेवलेली नाही, आणि पर्यवेक्षक व व्यवस्थापकही तिच्या कक्षेत येतात. धागाकर्त्यांनी आधी अंगठ्याच्या नोंदींचा महिन्याचा अहवाल मागून घ्यावा. त्यात सहाही दिवशी येण्या-जाण्याच्या वेळा असतील, तर पगारपत्रकातील 25 दिवस आणि ती नोंद एकमेकांशी जुळत नाहीत, हे कागदावरच दिसेल. तेवढ्यावर मनुष्यबळ विभागाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर कोल्हापुरातील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. दिवस कमी दाखवल्याने भविष्यनिर्वाह निधीची वर्गणीही कमी पडू शकते; तशी ती पडली असेल, तर तेही अर्जात लिहावे.

शिरोलीचा_फिटर
मनःपूर्वक आभार. अहवाल मागितला आहे. हजेरी भत्त्याचे काय करावे? पत्रात "पूर्ण हजेरी असल्यास" एवढेच लिहिले आहे.

वेतनलेखनिक
तिथे मी खात्रीने आशा दाखवणार नाही. तो भत्ता अटीवर मिळतो, त्यामुळे अट पूर्ण न झाल्यास तो न देणे ही वेतनकपात नव्हे, असे कंपनी म्हणेल. पण "पूर्ण हजेरी" म्हणजे सर्व दिवस हजर की सर्व दिवस वेळेवर हजर, हे पत्रात नाही. पूर्वी उशीर होऊनही कुणाला तो मिळाला असेल, तर तशी पगारपत्रके जमवा आणि त्याची मागणी त्याच अर्जात, पण वेगळ्या परिच्छेदात करा.

गडहिंग्लजची_शिक्षिका
मग रजा वळती करण्याचा माझा सल्ला चुकीचा ठरतो का?

वेतनलेखनिक
बाई, रजेतून कापले तर या महिन्याचा पगार वाचतो, पण 58 मिनिटांसाठी एक पूर्ण रजा जाते. ते कितपत चालेल, हे कंपनीच्या रजा-नियमांची प्रत पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. धागाकर्त्यांना जमल्यास त्यांनी ती वाचून इथे लिहावे.

शिरोलीचा_फिटर
रजा-नियमांची प्रत सोमवारी कार्यालयात मागतो आणि जे असेल ते इथे लिहितो.