मदत हवी आहे: लॉकमध्ये जहाज वर चढताना दोर कोण सैल करतो?

वास्कोचा_तारवटी
बल्क कॅरियरवर ओएस म्हणजे साधा खलाशी म्हणून लागलोय, पहिलंच जहाज. लवकरच कॅनल येणार आहे आणि चीफ ऑफिसरने माझं नाव आफ्ट स्टेशनला, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाला टाकलंय. मुरगावच्या धक्क्यावर भरती आली की दोर ताणतात आणि विंचवरून हळूहळू सोडावे लागतात, हे पाहिलंय. लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाजांमधल्या हौदात, तर पाणी काही मिनिटांत चढतं म्हणे. मग दोर कोणी सोडायचा, मी? कोणाच्या हुकमाने? सारंगला विचारलं तर "तिथे गेल्यावर कळेल" म्हणाला. लवकर सांगा, किनारा लांब गेला की रेंज जाते.

कुठ्ठाळीचो_बार्जवालो
काळजी करू नकोस रे. आम्ही पावसाळ्यात आग्वादची वाळूची बार बंद झाली की खनिजाच्या बार्जी मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत काढायचो. अरुंद जागेत एकच लक्षात ठेव, ओहोटीच्या वेळी शिरायचं नाही.

मडगाव_सुदेश
बार्जवालेबाब, कुंभारजुव्याला लॉक कुठे आहे? दोन्ही नद्या एकाच पातळीवर. आणि तारवटी, कॅनल कुठला ते तरी लिही. सुएझ असेल तर प्रश्नच मिटला, तिथे एकही लॉक नाही.

वास्कोचा_तारवटी
पनामा. अटलांटिककडून पॅसिफिककडे.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
अजून अर्धीच माहिती दिलीस. जुनी लॉक की २०१६ साली सुरू झालेली नवी? दोन्हीकडे दोरांचं काम अगदी वेगळं आहे. जहाजाची लांबी-रुंदी लिही, त्यावरून सांगतो.

वास्कोचा_तारवटी
लांबी २२५ मीटर, रुंदी ३२.२६. आता सांगा ना.

फोंडा_पंपवाला
तत्त्व सोपं आहे. खालचा दरवाजा बंद करतात, वरच्या तळ्यातून पाणी सोडतात, चेंबर भरला की जहाज आपोआप वर येतं. एवढ्या मोठ्या चेंबरला प्रचंड क्षमतेचे पंप लागत असणार. मी पंपांच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतो.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
पंपवालेबाब, जहाज उचलायला तिथे पंप नाही. कॅनलच्या मधलं गातून तळं समुद्रापेक्षा सुमारे २६ मीटर उंच आहे. भिंतींच्या पोटातल्या मोठ्या बोगद्यांतून पाणी उताराने येतं आणि चेंबरच्या तळाला असलेल्या भोकांतून वर येतं. ते तळभर पसरून आत येतं, म्हणून जहाजाला एका बाजूने धक्का बसत नाही. दरवाजे तळ्याच्या दिशेला टोक करून मिटतात, पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. दोन्ही बाजूंची पातळी सारखी होईपर्यंत ते उघडूच शकत नाहीत.

तारवटी, तुझं जहाज जुन्या लॉकमध्ये बसतं. चेंबर ३३.५३ मीटर रुंद, तू ३२.२६. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ६३ सेंमी. एवढ्या फटीत जहाज भिंतीला बांधत नाहीत. भिंतींवरच्या रुळांवर विजेची इंजिनं धावतात, त्यांना म्यूल म्हणतात. पोलादी वायर म्यूलची आणि ती गुंडाळणारा विंचही म्यूलवरच. जहाज वर आलं की म्यूलचा ड्रायव्हर वायर ओढून घेतो, खाली गेलं की सोडतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे: दोर तू सैल करत नाहीस.

वास्कोचा_तारवटी
मग मी आफ्टला उभा राहून करू काय?

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
लॉकच्या तोंडाशी कॅनलची माणसं जहाजावर चढतात. पातळ दोराने म्यूलची वायर वर ओढून तिचा फास बिटावर, म्हणजे डेकवरच्या लोखंडी खुंटावर टाकणं, हे त्यांचं काम. तुम्ही डेक मोकळा ठेवायचा, विंचला पॉवर द्यायची आणि सारंग सांगेल तसा हात लावायचा. पुढे एक माणूस नांगराशी तयार उभा असतो.

वायर चॉकमधून, म्हणजे जहाजाच्या कडेच्या दोर जायच्या खाचेतून, कशी येते ते नीट बघ. गातूनच्या पहिल्या चेंबरमध्ये जहाज खाली असतं आणि म्यूल वर भिंतीवर, म्हणून वायर उभ्या कोनात वर जाते. चॉक वरून उघडा असता तर ती उडून बाहेर आली असती. म्हणून तो चारी बाजूंनी बंद असतो, त्याला पनामा चॉकच म्हणतात. जहाज वर येईल तसा कोन आडवा होतो. वायर चॉकच्या कडेला घासताना दिसली किंवा एकदम सैल पडून झटक्याने ताणली गेली, तर लगेच ऑफिसरला सांग. आणि ताणलेल्या वायरच्या रेषेत कधीही उभा राहू नकोस. ती तुटली तर पळायला वेळ मिळत नाही.

मडगाव_सुदेश
हुकूम कोणाचा ते राहिलं. पायलट फक्त सल्ला देतो, शेवटचा शब्द कॅप्टनचा. मुरगावला हेच चालतं, जगभर हेच चालतं.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
जगभर चालतं, पनामात नाही. तिथल्या नियमाप्रमाणे जहाज चालवण्याचा पूर्ण ताबा कॅनलच्या पायलटकडे असतो. सुकाण आणि इंजिनाचे हुकूम त्याचेच. म्यूलवाल्यांशी तो रेडिओवर बोलतो आणि ते घंटा वाजवून 'ऐकलं' असं कळवतात. घंटेने दचकू नकोस.

मडगाव_सुदेश
ताबा त्याचा असला तरी कॅप्टन ब्रिजवरून हलत नाही आणि धोका दिसला तर बोलतोच. कागदावर एक आणि ब्रिजवर दुसरं, असं मी ऐकलंय.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
कॅप्टन बोलतो, बोलायलाच हवं. पण हुकूम पायलटचाच.

डिचोलीची_आई
माझ्या मुलाला खलाशाचं सीडीसी पुस्तक काढायचंय, आयएनडॉस नोंदणी नंबर आधी लागतो की नंतर? कोणी तारवटी आहेत म्हणून विचारते.

मडगाव_सुदेश
आधी आयएनडॉस. ताई, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

फोंडा_पंपवाला
पंप नसतील तर वरचं पाणी संपेल ना एक दिवस? प्रत्येक जहाजामागे पाणी समुद्रात जातंच आहे.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
जातं, एका जहाजामागे जवळपास २० कोटी लिटर गोडं पाणी. तळं पावसाने भरतं. २०२३ साली पाऊस कमी पडला तेव्हा रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली आणि बाहेर रांगा लागल्या. नव्या लॉकना शेजारी टाक्या बांधल्या आहेत, त्यांत प्रत्येक वेळचं साधारण ६० टक्के पाणी परत वापरतात. तिथे म्यूलही नाहीत, पुढे-मागे टग असतात.

फोंडा_पंपवाला
मग समुद्राचं पाणी वर चढवावं. आमच्या धंद्यात हे अशक्य नाही.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
गातून तळ्यातूनच तिथल्या शहरांना पिण्याचं पाणी जातं. त्यात खारं मिसळायचं का, ते तुम्हीच बघा.

तारवटी, एक राहिलं. पहिल्या लॉकचा समुद्राकडचा दरवाजा उघडतो तेव्हा खारं पाणी जड म्हणून तळाने आत शिरतं आणि गोडं पाणी वरून बाहेर येतं. जहाज आत जायला लागलं की पुढचं पाणीही त्याच अरुंद फटीतून मागे निघतं. त्यामुळे वेग अचानक पडल्यासारखा वाटतो आणि पायलट इंजिन वाढवतो. म्यूल जहाजाला मधोमध धरतात आणि थांबवायला मदत करतात, पण पुढे नेणारं मुख्य बळ जहाजाच्याच इंजिनाचं. आफ्टला पंख्याचं पाणी एकदम उसळलं तर घाबरू नकोस. गातूनला अशा तीन पायऱ्या वर, मग तळं, मग पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन खाली.

कुठ्ठाळीचो_बार्जवालो
खाऱ्या-गोड्याचं खरं आहे. पावसात मांडवीत बार्ज जास्त खाली बसायची, माल तेवढाच असून.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
बरोबर बोललात. समुद्रात १२ मीटर बसलेलं जहाज गातूनच्या पाण्यात साधारण ३० सेंमी आणखी खाली जातं. माल भरतानाच चीफ ऑफिसर तो हिशोब करून ठेवतो.

वास्कोचा_तारवटी
वायर सोडताना काय करायचं? बिटावरून फास आम्ही काढायचा की त्यांनी?

मडगाव_सुदेश
क्रूने. माझा भाचा गेला होता, त्यानेच काढला होता.

सासष्टीचा_सेकंडमेट (निवृत्त)
माझ्या वेळी त्यांची माणसं काढायची, पायलटचा हुकूम आल्यावर. हुकमाआधी फासाला हात लावू नकोस. कोण काढणार ते चढल्या चढल्या त्यांच्या मुकादमाला विचारून घे.

वास्कोचा_तारवटी
विचारतो. रेंज जातेय. देव बरें करूं.