उपवासाच्या पुस्तकातलं नोबेल: यीस्टचा माणूस कुठल्या पानावर झाला?

वनिता, धनकवडी
सासूबाईंनी अप्पा बळवंत चौकातून उपवासावरचं एक पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय, ‘१६ तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःच कर्करोगाच्या पेशी खाऊन टाकतं, हे सिद्ध केल्याबद्दल जपानी शास्त्रज्ञाला २०१६ चं नोबेल मिळालं.’ लेखकाच्या नावाआधी ‘डॉ.’ आहे आणि शेवटी चाळीस संदर्भ आहेत. सासूबाई आता आठवड्यातून दोनदा ३६ तास काही न खाता राहायचं म्हणतायत. हे खरं की खोटं, घरबसल्या कसं तपासायचं?

सदाशिवपेठी
तपासायचं काय त्यात? आपल्या आज्या एकादशी करत होत्या, ठणठणीत होत्या. जगाने आता त्यावर नोबेल दिलं. आपलं असलं की लगेच पुरावे मागायचे, हे मला पटत नाही. सासूबाईंना करू द्या.

यीस्टवाले काका, पाषाण
वनिताताई, माझी तीस वर्षं प्रयोगशाळेत यीस्ट वाढवण्यात गेली, म्हणून या एका वाक्यापुरतं सांगतो. चाळीस संदर्भांच्या मागे लागू नका. ज्या वाक्यावर सासूबाई उपाशी राहणार आहेत, तेवढंच धरा आणि त्याचे तुकडे करा. नोबेल कशाबद्दल मिळालं? प्रयोग कोणावर झाला? १६ तास कुठून आले? कर्करोग कुठून आला? चारही गोष्टी एकाच वाक्यात आहेत, पण त्या एकाच ठिकाणाहून आलेल्या नाहीत.

पहिल्याचं उत्तर nobelprize.org वर पाच मिनिटांत मिळतं. योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीची यंत्रणा उलगडल्याबद्दल. पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग पिशवीत भरते आणि मोडून पुन्हा वापरते, ती ही ऑटोफॅजी. समितीच्या निवेदनात उपवासाचा सल्ला नाही आणि तासांचा आकडाही नाही.

मग मूळ निबंध. PubMed या वैद्यकीय निबंध शोधायच्या साइटवरच्या चौकटीत `Ohsumi yeast autophagy 1992` टाका. सारांश फुकट वाचता येतो. प्रयोग पावासाठी वापरतात त्या यीस्टवर आहे. यीस्टच्या पेशीत एक मोठी पोकळी असते, तिथे कचरा मोडला जातो. ओसुमींनी मोडणारी विकरंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याची उपासमार केली. मोडायला कोणी नाही, त्यामुळे आलेल्या पिशव्या त्या पोकळीत साठत गेल्या आणि काही तासांत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या. मी स्वतः असं यीस्ट पाहिलंय, पोकळीत बारीक दाणे वळवळत असतात. पुढे अशाच यीस्टमधून त्यांनी या कामाला लागणारी १५ जनुकं शोधली. काम फार सुंदर आहे, पण त्यात एकही माणूस उपाशी राहिलेला नाही.

सदाशिवपेठी
काका, पण त्याच निवेदनात लिहिलंय की अशीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे आणि ती बिघडली की आजार होतात, कर्करोगसुद्धा. मी आत्ताच वाचलं. मग पुस्तक खोटं कसं?

यीस्टवाले काका, पाषाण
तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, आणि पुस्तक नेमकं तिथेच घसरलंय. यंत्रणा बिघडल्याने आजार होतो, यावरून उपाशी राहिल्याने तो आजार जातो असं निघत नाही. कर्करोगात तर ही गोष्ट दोन्ही बाजूंनी चालते. निरोगी पेशीला ऑटोफॅजी सांभाळते, पण गाठ एकदा वाढली की तिला रक्त कमी पडतं आणि तग धरायला ती हीच ऑटोफॅजी वापरते. म्हणून कर्करोगाच्या रुग्णांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन ऑटोफॅजी *अडवण्याच्या* चाचण्या झाल्या आहेत. ‘शरीर गाठ खातं’ असं छापणाऱ्याने ही बाजू वाचकाला सांगायला हवी होती.

आणि तास. उपवास आणि ऑटोफॅजीचा पुरावा बराचसा उंदरांवरचा आहे. दिवसभर उपाशी ठेवलेला उंदीर वजनाचा दहावा भाग सहज गमावतो, त्याचा एक दिवस म्हणजे आपला एक दिवस नव्हे. जिवंत माणसाच्या अवयवांत ऑटोफॅजी मोजणंच अवघड आहे. त्यामुळे माणसात ती नेमक्या कितव्या तासाला वाढते, याचा सर्वमान्य आकडा नाही.

फार्मसीतली सुजाता
मला वाटतं तुम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात करताय. आधी लेखक बघा. ॲलोपॅथीचा डॉक्टर असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून सापडतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, तिथे बघायचं. नाव कुठेच नाही, तर पुस्तक रद्दीत.

यीस्टवाले काका, पाषाण
नोंदणी जरूर बघा, ‘डॉ.’ इतिहासातल्या पीएचडीचंही असू शकतं. पण त्यावरून लेखकाने रुग्ण तपासलेत का एवढंच कळतं. विधान खरं की खोटं, ते नाही. लायनस पॉलिंग यांच्याकडे दोन नोबेल होती, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस कर्करोगावर चालतात असा त्यांचा आग्रह होता. मेयो क्लिनिकने रोज १० ग्रॅम तोंडाने देऊन चाचण्या केल्या, निकाल १९७९ आणि १९८५ साली आले, फायदा दिसला नाही. उलट एखादा पत्रकार प्रत्येक संदर्भ नीट वाचून उत्तम पुस्तक लिहू शकतो.

सुजाता
हे तुम्हाला जमतं काका. काउंटरवर पुस्तक दाखवून औषध बंद करू का विचारणाऱ्याला PubMed कुठून जमणार? त्याच्यासाठी नोंदणीच बरी, मी अजूनही तेच म्हणेन.

मेघना, कर्वेनगर
उपवास कसा सोडायचा हे विचारलंय का? तर भगर एकदम खाऊ नका. आणि वनिता, सासूबाईंना मधुमेह आहे का ते आधी सांग. माझ्या बाबांनी असंच वाचून दीड दिवस काही खाल्लं नाही, ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. पहाटे घामाने गंजी भिजलेली, मला ओळखेनात. साखर ४८. ती गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन काढत राहते, हे आम्हाला नंतर कळलं. पुस्तकात गोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

वनिता, धनकवडी
मधुमेह आहे, गोळी तीच आहे. ताई, तुमचं वाचून हातपाय गळाले. ३६ तासांचं तूर्त थांबवलंय, सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.

काल जेवणं झाल्यावर ते एकच वाक्य घेऊन बसले. त्याला दोन संदर्भ होते. पहिला काकांनी सांगितलेला १९९२ चा निबंध. पुस्तकात त्याचं शीर्षक मराठीत दिलंय आणि त्यातला ‘यीस्ट’ हा शब्दच गळलाय. दुसरा, १६ तासांचा, कुठला निबंध नाहीच. तो उपवासावरचंच एक इंग्रजी पुस्तक आहे. तिथली पानं दिसली तेवढी वाचली, तर तिथे १६ तासांना काहीच संदर्भ नाही.

लेखकाचं नाव नोंदवहीत तीन जणांचं सापडलं. त्यातले हे कोण, पुस्तकावरून कळत नाही, कारण नोंदणी क्रमांक छापलेला नाही.

सदाशिवपेठी
शब्द गाळला असेल तर ते चूक आहे, मान्य. एकादशीबद्दल मी मागे हटणार नाही.

वनिता, धनकवडी
सासूबाईही नाही हटल्या! पण त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या पानावर समासात ‘यीस्ट’ लिहिलं. आता म्हणतायत, पुढच्या वाक्याचं बघ.