उत्तर: हेड विहिरीच्या खोलीवरून धरू नका

>> विहीर 20 मीटर खोल आहे, म्हणून हेड 20 मीटर धरून 3 एचपीचा पंप चालेल ना?

हेड म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर चढवावं लागतं ते; पाइपमधलं घर्षणही मीटरमध्येच त्यात धरतात. विहिरीचा तळ विसरा. पंप तासभर चालू ठेवून पाणी कुठे स्थिरावतं ते मे महिन्यात दोरीने मोजा. समजा, ते काठापासून 14 मीटर खाली आहे आणि पाइपचं तोंड काठापेक्षा 4 मीटर उंच. झाले 18 मीटर.

आता घर्षण. सेकंदाला 5 लिटर पाणी 70 मिमी आतल्या व्यासाच्या 300 मीटर पीव्हीसीतून नेलं की साधारण 7 मीटर जातात. बेंड-व्हॉल्व्हचा 1 धरा. एकूण हेड 26 मीटर.

पाण्याची शक्ती 9.81 × 5 × 26 = 1275 वॅट. पंपाची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे 2320 वॅट, म्हणजे 3.1 एचपी. 3 ची मोटर कायम ओव्हरलोडवर राहील. बाजारात पुढचा टप्पा बहुधा 5.

पैसे वाचवायला 58 मिमी आतल्या व्यासाचा पाइप टाकलात, तर घर्षणच 17 मीटर होतं. ती बचत दरमहा वीजबिलात जाते!

आणि पाटीवरचं ‘कमाल हेड’ पाहून पंप घेऊ नका, त्या हेडला पाणी जवळपास येतच नाही. पंपाच्या कर्व्हवर, म्हणजे कोणत्या हेडला किती पाणी मिळतं त्या आलेखावर, 26 मीटरला सेकंदाला 5 लिटर मिळतात का, तेवढं बघा.