पगार थकला तर उत्तर कुणी द्यायचं: कंपनीने की एजन्सीने?

वैशाली, मरोळ
अंधेरी एमआयडीसीतल्या एका गोदामात आम्ही ४२ जण एजन्सीमार्फत पॅकिंगला आहोत. पगार २० हजार, पण दोन महिने झाले, हातात काही नाही. एजन्सी म्हणते कंपनीने बिल थकवलंय. कंपनीचा एचआर म्हणतो तुम्ही आमचे कामगारच नाही, एजन्सीला धरा. मग धरायचं कुणाला?

मिलिंद, ठाणे
ताई, राग समजतो, पण धरायचं एजन्सीलाच. नेमणूकपत्र तिचं, पीएफचा कोड तिचा, पगारस्लिपवर नावही तिचंच. मी एका कंपनीत अकाउंट्स बघतो. आम्ही बिल चुकतं केलं आणि एजन्सीवाल्याने ते पैसे दुसरीकडे फिरवले, तर आम्ही तोच पगार परत द्यायचा? हा कुठला न्याय? शिवाय कंत्राटी कामगारांचा कायदा ५० किंवा जास्त माणसं असली तरच लागतो. तुम्ही ४२ आहात, म्हणजे कंपनी त्यात येतच नाही.

शिंदेकाका, परळ
मिलिंद, पहिलं वाक्य बरोबर आहे. पगार देण्याचं पहिलं कर्तव्य ठेकेदाराचंच. पुढचं मात्र चुकलं.

१९७० च्या जुन्या कायद्याच्या २१ व्या कलमातच लिहिलं होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीने, तो द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा, नाहीतर कर्ज म्हणून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत ५५ व्या कलमात ही तरतूद तशीच आहे. म्हणजे दोनदा पैसे गेले तर भांडण कंपनीचं आणि ठेकेदाराचं. ते मिटेपर्यंत कामगाराने उपाशी बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता ५० चं. आकडा एका ठेकेदाराचा नसतो, त्या आस्थापनेतल्या सगळ्या कंत्राटी माणसांचा असतो. गेटवरचे रखवालदार, साफसफाईवाले, कँटीनची पोरं, माल चढवणारे, सगळे मोजा. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी ५० भरले असतील तरी पुरे.

आणि समजा नाहीच भरले, तरी वेतन संहितेचं ४३ वं कलम उरतं. तिथे संख्येची अट नाही. नेमणाऱ्याने पगार दिला नाही, तर ज्या आस्थापनेत माणूस काम करतो तिच्या मालकावर जबाबदारी येते, असं त्यात सरळ म्हटलंय. मी आयुष्यभर युनियनमध्ये काम केलं. ‘तुम्ही आमचे नाहीच’ हे वाक्य प्रत्येक गेटवर ऐकलं, आणि दर वेळी ते ऐकून संताप आला.

प्राजक्ता, वाशी
मी छोटी एजन्सी चालवते. चोर आम्हीच, असं धरून बोलू नका. हिशेब बघा. ४२ माणसं, २० हजार पगार, वर मालकाचा पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे महिन्याला सुमारे साडेनऊ लाख. सर्व्हिस चार्ज चार टक्के धरला तर साधारण ३८ हजार. त्यातून सुपरवायझर, ऑफिसभाडं, व्याज. आणि कंपनी बिल पास करते ६० दिवसांनी. पहिला पैसा यायच्या आत दोन पगार, म्हणजे १९ लाख, मी पदरचे घालायचे. जीएसटी बिल केलं की भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. एका महिन्यात बिल अडलं की माझा श्वास अडतो. उधारीवर माणसं कंपनी वापरते, मग जबाबदारी पहिली तिची का नको?

शिंदेकाका, परळ
प्राजक्ताताई, तुमचा हिशेब खरा आहे, आणि पगार थकण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. पण कंपनीने बिल दिलं नाही ही सबब कामगारापुढे चालत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, हे बंधन तुमच्यावर आहेच. ६० दिवसांची उधारी पेलणार नसेल तर तो करार घेऊ नका. आणि मिलिंद, तुमच्या कंपनीने सगळ्यात कमी सर्व्हिस चार्जवाली एजन्सी निवडली तेव्हा ती हे १९ लाख कुठून आणणार, याचा विचार तुमच्याच टेबलावर व्हायला हवा होता.

दत्ता, भांडुप
आमच्या सोसायटीत वॉचमनचा पगार एजन्सीने तीन महिने दिलेला नाही. सेक्रेटरी म्हणतो आम्ही चेक दिलाय. मग आता सोसायटीने परत द्यायचा का?

शिंदेकाका, परळ
दत्ता, वॉचमन सुरक्षा रक्षक मंडळाचा असेल तर १९८१ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे सोसायटी पैसे मंडळात भरते आणि मंडळ पगार देतं. खाजगी एजन्सीचा असेल तर प्रश्न अवघड. राहण्याची सोसायटी ही ‘आस्थापना’ आहे का, यावरच वाद घालता येतो. माझं मत, द्यावा. पण गोदामाबद्दल सांगितलं तितक्या ठामपणे हे सांगणार नाही.

मिलिंद, ठाणे
काका, ४३ वं कलम मी वाचलं, तुमचा मुद्दा मान्य. पण नव्या संहितेत पळवाट आहेच. एजन्सीने माणूस कायम नोकरीवर ठेवला, त्याला वेळोवेळी वाढ दिली, पीएफ-ईएसआयसी दिलं, तर तो कंत्राटी कामगार धरला जात नाही. आमच्या सल्लागाराने याच मार्गाने जायला सांगितलंय.

शिंदेकाका, परळ
त्यासाठी सगळ्या अटी एकत्र जुळाव्या लागतात. नुसता पीएफ कापून भागत नाही. एजन्सीची खरी नोकरी हवी, म्हणजे गोदामाचं काम संपलं तरी ती चालू राहणारी. वैशालीताई, कुणाला एजन्सीकडून कधी पगारवाढ मिळालीय का? नसेल तर ही पळवाट इथे चालू नये. आणि सल्लागाराला विचारा, ४३ वं कलम या व्याख्येवर कुठे टेकलंय.

मिलिंद, सोपं काम सांगतो. पुढचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याच्या पगाराची बँकेची यादी मागा, आणि पीएफच्या चालानासोबत ईसीआर, म्हणजे कुणाचा किती पीएफ भरला त्याची नावनिशीवार यादी. चालानाच्या एकूण रकमेवर जाऊ नका, दुसऱ्या साइटचं चालानही दाखवतात. ईसीआरमधली नावं तुमच्या हजेरीशी लावून बघा.

मिलिंद, ठाणे
हे करता येईल. तरी प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला दोनदा भुर्दंड बसणं मला पटत नाही. एजन्सी बुडाली तर वसूल कुणाकडून करायचं?

वैशाली, मरोळ
वाढ कधीच नाही, तीन वर्षं तोच पगार. आणि आज सुपरवायझर कोऱ्या व्हाउचरवर सही मागतोय. म्हणतो सही केली की आठवड्यात पैसे. चौघींनी केली पण.

शिंदेकाका, परळ
बाकीच्यांनी करू नये. त्या चौघींनी आजच लेखी कळवावं, मेल किंवा व्हॉट्सअॅपवर, की सही कोऱ्या कागदावर घेतली आणि पैसे मिळालेले नाहीत. पगार दिला हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. तो कागद त्यांना त्यासाठीच हवाय.

तुम्ही तिथे कामाला होता हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागेल. गेटपासचे फोटो, शिफ्टचे मेसेज, आधीचा पगार कुठल्या खात्यातून आला ते पासबुक, यूएएनची नोंद, जे असेल ते जमवा. ४२ जणांचा एकच अर्ज चालतो. त्यात एजन्सी आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल. मुदत तीन वर्षं आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जा. सोमवारी येत असाल तर मी येतो.

प्राजक्ता, वाशी
वैशाली, तुमच्या एजन्सीचं बिल खरंच थकलंय का, हेही तिथेच विचारायला लावा. दोघांनाही बिलाच्या तारखा दाखवाव्या लागतील.