प्रतिसाद: प्रॉडक्ट व्हिडिओचा स्टोरीबोर्ड

"व्हॉइसओव्हरमध्ये लिस्टिंगचंच वाचायचं, मग स्टोरीबोर्ड कशाला?"

कारण दावा चित्रसुद्धा करतं राव. आमच्या सांगलीतल्या एकाच्या हळदीचं लिस्टिंग साधं होतं, 'राजापुरी हळद पावडर, 200 ग्रॅम, रंग मिसळलेला नाही', आणि व्हिडिओत पहिलाच शॉट जात्यावर दळणारी आजी, हळद मात्र गिरणीतली! शब्द तंतोतंत जुळत होते तरी बघणाऱ्याला घरगुती जात्याचीच वाटणार. म्हणून कागदावर तीन रकाने पाडा, शॉट, बोलायचं वाक्य आणि लिस्टिंगमधली नेमकी ओळ, तिसरा रिकामा राहिला की तो शॉट कट. आजी तिथंच गेली, परातीतला ढीग पण गेला कारण 200 ग्रॅमचा एवढा होतच नाही, त्याऐवजी पाकीट फोडून वाटीत ओतताना दाखवलं.

रेकॉर्डिंगला बोलणारा हमखास घसरतो, 'शुद्ध', 'सेंद्रिय' असं ओघात तोंडात येतं, आणि सेंद्रिय म्हणायला सर्टिफिकेट लागतं. त्यामुळे ऑडिओ ऐकून जसंच्या तसं टाइप करा न् लिस्टिंगशेजारी ठेवून वाचा. वजन बोलूच नका, स्क्रीनवर वेगळ्या लेयरला टाका, उद्या पाकीट 250 चं झालं तर आवाज परत रेकॉर्ड करायला नको.